कन्फाउंडिंग समजून घ्या: मुतखड्याचे ७०० पेशंट आणि उलटा पडलेला निकाल

रिसर्च मेथडॉलॉजीच्या क्लासमध्ये कन्फाउंडिंगची व्याख्या सगळ्यांची पाठ असते, पण समोर एक्सेल शीट आली की नेमकं काय करायचं ते सुचत नाही आणि मग थिसिसमध्ये "वय आणि लिंग यांसाठी अ‍ॅडजस्ट केलं" एवढं एक वाक्य टाकून पुढे जायचं असं चालतं. म्हणून इथे व्याख्या नंतर घेऊ, आधी एकच खरा डेटा घेऊ आणि तोच शेवटपर्यंत धरून ठेवू. गणित बेरीज-भागाकाराच्या पलीकडे जाणार नाही, शेवटी थोडासा R कोड आहे तो हवा तर करून बघा.

## पायरी १: आधी साधी तुलना करा आणि ती लिहून ठेवा

१९८६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये किडनीतल्या खड्यांच्या वेगवेगळ्या उपचारांची तुलना छापून आली होती. त्यातले दोनच उपचार आपण घेऊ. एक म्हणजे ओपन सर्जरी, पोटाच्या बाजूने चिरा देऊन खडा काढायचा. दुसरा म्हणजे पीसीएनएल, पाठीतून लहानसं छिद्र पाडून दुर्बिणीने खडा काढायचा, जो तेव्हा नवीन होता. दोन्हीकडे ३५०-३५० पेशंट. यश कशाला म्हणायचं तेही ठरलेलं होतं, तीन महिन्यांनी खडा पूर्ण गेलेला असला पाहिजे किंवा उरलेला तुकडा २ मिलिमीटरपेक्षा लहान पाहिजे.

निकाल असा: ओपन सर्जरीत ३५० पैकी २७३ यशस्वी, म्हणजे ७८ टक्के. पीसीएनएलमध्ये ३५० पैकी २८९, म्हणजे जवळपास ८३ टक्के.

आता हे वाचून कोणीही म्हणेल की पीसीएनएल भारी आहे, चिरा पण लहान आणि यश पण जास्त. ही जी कशाचाही विचार न करता केलेली तुलना आहे तिला क्रूड तुलना म्हणतात. ती चुकीची नसते, आकडे खरेच आहेत, फक्त ती ज्या प्रश्नाचं उत्तर देते तो प्रश्न आपला नसतो. आपला प्रश्न असा आहे की तोच पेशंट, तोच खडा, आणि उपचार बदलला तर यश वाढेल का कमी होईल. क्रूड आकडा सांगतो ते एवढंच की ज्यांना हा उपचार मिळाला त्यांचं असं झालं आणि ज्यांना तो मिळाला त्यांचं तसं झालं. पण कोणाला कोणता उपचार मिळाला हे कोणी ठरवलं? डॉक्टरने ठरवलं, आणि डॉक्टर काही डोळे मिटून ठरवत नाही.

## पायरी २: दोन ग्रुपमध्ये अजून काय वेगळं आहे ते शोधा

इथे डेटा उघडायच्या आधी थोडा विचार करायचा असतो, आणि हे काम सॉफ्टवेअर करून देत नाही. स्वतःला विचारा, की हा उपचार या पेशंटला द्यायचा असं ठरवताना डॉक्टरने काय बघितलं असेल? खड्याचा आकार तर बघितला असेलच. मोठा खडा असेल तर बहुतेक सर्जन जुन्या भरवशाच्या पद्धतीकडे जाणार, लहान असेल तर नवीन पद्धत वापरून बघणार. आणि मोठा खडा कोणत्याही पद्धतीने काढायला अवघडच असतो.

मग खड्याच्या आकाराने पेशंट वेगळे करून बघू. २ सेंटिमीटरपेक्षा लहान खडे एकीकडे, बाकीचे दुसरीकडे:

| | ओपन सर्जरी | पीसीएनएल |
|---|---|---|
| लहान खडे | ८७ पैकी ८१ (९३%) | २७० पैकी २३४ (८७%) |
| मोठे खडे | २६३ पैकी १९२ (७३%) | ८० पैकी ५५ (६९%) |
| सगळे मिळून | ३५० पैकी २७३ (७८%) | ३५० पैकी २८९ (८३%) |

हे टेबल जरा निवांत बघा. लहान खड्यांमध्ये ओपन सर्जरी पुढे. मोठ्या खड्यांमध्येही ओपन सर्जरीच पुढे. आणि दोन्ही एकत्र केले की पीसीएनएल पुढे! पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की कुठेतरी बेरीज चुकली आहे, तर करून बघा, बेरीज बरोबर आहे.

हे होतं कसं ते कळलं की कन्फाउंडिंग कळलं, म्हणून इथे थोडं थांबू. एकत्रित टक्केवारी ही आतल्या दोन टक्केवाऱ्यांची सरासरी असते, पण साधी नाही, ज्या गटात जास्त पेशंट त्याचं वजन जास्त. ओपन सर्जरीच्या ३५० पैकी २६३ जणांचे खडे मोठे, म्हणजे पाऊण हिस्सा. त्यामुळे ९३ आणि ७३ यांची सरासरी ७३ च्या बाजूला ओढली जाते आणि ७८ वर येऊन थांबते. पीसीएनएलमध्ये उलटं आहे, ३५० पैकी २७० लहान खडे, म्हणून ८७ आणि ६९ यांची सरासरी ८७ च्या बाजूला ओढली जाऊन ८३ ला थांबते. म्हणजे ७८ विरुद्ध ८३ ही तुलना दोन उपचारांची राहिलीच नाही, त्यात अर्धी तुलना "अवघड केसेस विरुद्ध सोप्या केसेस" अशी मिसळली गेली आहे. ही जी मिसळ आहे तिलाच कन्फाउंडिंग म्हणतात, आणि जिच्यामुळे मिसळ झाली ती गोष्ट, इथे खड्याचा आकार, हा कन्फाउंडर.

निकाल असा पूर्ण उलटा पडतो तेव्हा त्याला सिम्प्सनचा पॅराडॉक्स म्हणतात. पण दरवेळी उलटाच पडेल असं नाही बरं का, बहुतेक वेळा नुसता फुगतो किंवा आटतो, आणि तेच जास्त फसवं असतं कारण दिशा बरोबर दिसल्यामुळे कोणाला शंका येत नाही.

## पायरी ३: हा कन्फाउंडर आहे का, तीन प्रश्नांनी तपासा

आता व्याख्या घेऊ. एखादी गोष्ट कन्फाउंडर असू शकते का हे बघायला तीन प्रश्न विचारायचे आणि तिन्हीची उत्तरं पाहिजे तशी आली पाहिजेत.

पहिला प्रश्न, ही गोष्ट दोन ग्रुपमध्ये वेगवेगळ्या प्रमाणात आहे का? खड्याचा आकार आहे. ओपनमध्ये लहान खडे २५ टक्के आणि पीसीएनएलमध्ये ७७ टक्के.

दुसरा प्रश्न, उपचार तोच ठेवला तरी या गोष्टीमुळे निकाल बदलतो का? बदलतो. नुसते ओपन सर्जरीवाले घेतले तरी लहान खड्यांना ९३ आणि मोठ्यांना ७३. इथे "उपचार तोच ठेवून" हे महत्त्वाचं आहे, सगळे पेशंट एकत्र करून बघितलं तर परत मिसळ होते.

तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त लोक विसरतात: ही गोष्ट उपचाराच्या आधीची आहे ना? का उपचारामुळेच झालेली आहे? खड्याचा आकार ऑपरेशनच्या आधीपासून होता, त्यामुळे तो चालेल. पण समजा कोणी ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढून किडनीत किती तुकडे उरलेत ते मोजून ठेवलं आहे. हा आकडा यशाशी जोडलेला आहे, दोन ग्रुपमध्ये वेगळाही असेल, म्हणजे पहिले दोन प्रश्न पास. पण तुकडे उरणं न उरणं हाच तर उपचाराचा परिणाम आहे, त्यातूनच पुढे यश मिळतं. त्याच्यासाठी अ‍ॅडजस्ट केलं तर तुम्ही उपचाराचा खरा परिणामच पुसून टाकाल आणि मग लिहाल की दोन्ही उपचार सारखेच आहेत. अशा मधल्या गोष्टीला मीडिएटर म्हणतात, ती मॉडेलमध्ये टाकायची नाही.

म्हणून सोपा नियम असा, की कन्फाउंडर म्हणून जे काही घ्याल ते उपचार ठरायच्या क्षणापर्यंत घडून गेलेलं असलं पाहिजे. यादी करताना प्रत्येक व्हेरिएबलच्या पुढे ते कधी मोजलं ते लिहा, अर्ध्या चुका तिथेच पकडल्या जातात.

आणि एक, पी-व्हॅल्यू बघून कन्फाउंडर निवडू नका. "वयाचा फरक सिग्निफिकंट नाही आला म्हणून वय सोडून दिलं" हे वाक्य मला फार वेळा दिसतं आणि ते बरोबर नाही. पी-व्हॅल्यू सॅम्पल किती मोठा आहे त्यावरही ठरते. लहान स्टडीत मोठा फरकसुद्धा सिग्निफिकंट येत नाही, पण मिसळ मात्र तो करतोच. कन्फाउंडर विषयाच्या माहितीवरून ठरवायचा, मग डेटात बघायचं.

## पायरी ४: स्टडी सुरू व्हायच्या आधी काय करता येतं

डेटा अजून गोळा व्हायचा असेल तर तुम्ही नशीबवान, कारण डिझाइनमध्ये जे करता येतं ते नंतर अ‍ॅनालिसिसमध्ये पूर्ण भरून निघत नाही.

रँडमायझेशन. कोणाला कोणता उपचार मिळणार हे डॉक्टरच्या हातातून काढून घ्यायचं आणि चिठ्ठीवर सोडायचं. याच ७०० पेशंटमध्ये असं केलं असतं तर एकूण ३५७ लहान खडेवाल्यांपैकी साधारण निम्मे निम्मे, म्हणजे १७८ च्या आसपास, दोन्ही ग्रुपमध्ये गेले असते. थोडं इकडे तिकडे झालं असतं, पण ८७ विरुद्ध २७० अशी दरी पडायचं काही कारणच नव्हतं. आणि यातली खरी मजा ही की जे आपल्याला माहीत नाही, जे मोजलंच नाही, तेसुद्धा असंच वाटलं जातं. हे बाकी कोणत्याच पद्धतीला जमत नाही.

पण रँडमायझेशन म्हणजे नुसते रँडम नंबर काढणं नाही. पुढचा पेशंट कोणत्या ग्रुपमध्ये जाणार हे भरती करणाऱ्याला आधी कळता कामा नये. कळलं तर काय होतं बघा, पुढची चिठ्ठी पीसीएनएलची आहे हे डॉक्टरला माहीत आहे आणि समोर भला मोठा खडा घेऊन पेशंट बसला आहे, तर तो त्याला म्हणणार की तुम्ही पुढच्या आठवड्यात या. झालं, कन्फाउंडिंग मागच्या दाराने परत आत. म्हणूनच १९४८ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने टीबीवरच्या स्ट्रेप्टोमायसिनची जी गाजलेली ट्रायल छापली, तिच्यात ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी रँडम नंबरवरून केलेली वाटणी बंद पाकिटात ठेवली होती. पेशंट ट्रायलमध्ये घ्यायचा हे ठरल्यावरच पाकीट उघडायचं. आता तेच काम कॉम्प्युटर करतो, तत्त्व तेच आहे.

दुसरा घोळ शेवटी होतो. पीसीएनएलची चिठ्ठी निघालेल्या काही पेशंटना मध्येच ओपन करावं लागतं, आणि ते बहुतेक अवघड खडेवालेच असतात. त्यांना अ‍ॅनालिसिसच्या वेळी उचलून ओपनच्या ग्रुपमध्ये टाकलं तर अवघड केसेस परत एका बाजूला गोळा होतात. म्हणून मोजताना ज्याची चिठ्ठी ज्या ग्रुपची, तो त्याच ग्रुपमध्ये मोजायचा, प्रत्यक्षात काहीही झालं असलं तरी.

ट्रायल लहान असेल आणि खड्याचा आकार महत्त्वाचा आहे हे आधीच माहीत असेल तर लहान खड्यांची वेगळी आणि मोठ्या खड्यांची वेगळी रँडम यादी करा, म्हणजे तेवढी एक गोष्ट तरी नशिबावर राहत नाही. याला स्ट्रॅटिफाइड रँडमायझेशन म्हणतात.

रेस्ट्रिक्शन. रँडमायझेशन शक्य नसेल तर सगळ्यात साधा उपाय म्हणजे फक्त लहान खडेवालेच स्टडीत घ्यायचे. मग आकाराचा प्रश्नच मिटला, पण ७०० चे ३५७ राहिले आणि मोठ्या खड्यांबद्दल तुम्हाला बोलायचा हक्क राहिला नाही.

मॅचिंग. प्रत्येक ओपन पेशंटसाठी तेवढ्याच खड्याचा एक पीसीएनएल पेशंट शोधायचा. ऐकायला छान वाटतं पण आपल्या डेटात करून बघा: लहान खड्यांच्या ८७ जोड्या जमतील, मोठ्या खड्यांच्या जेमतेम ८० कारण पीसीएनएलमध्ये मोठे खडे तेवढेच आहेत. एकूण १६७ जोड्या, आणि ओपनचे १८३ पेशंट जोडीदार न मिळाल्याने बाहेर. त्यात वय पण मॅच करायचं, शुगर पण मॅच करायची म्हटलं की जोड्या भराभर कमी होतात. एकदोन ठळक गोष्टींपुरतं मॅचिंग ठीक आहे, त्यापुढे त्रासच जास्त. आणि मॅच केलं असेल तर अ‍ॅनालिसिसमध्येही त्याचा हिशोब धरावा लागतो, विशेषतः केस-कंट्रोल स्टडीत. तिथे मॅच करून नंतर विसरून गेलं तर उत्तर चुकतं.

## पायरी ५: डेटा हातात आल्यावर काय करता येतं

बहुतेक लोकांची गाडी इथूनच सुरू होते, डेटा आधीच गोळा झालेला, रेकॉर्डमधून काढलेला.

पहिलं काम स्ट्रॅटिफिकेशन, ते आपण वर टेबलमध्ये केलंच. आकाराप्रमाणे गट पाडले, प्रत्येक गटात वेगळी तुलना केली. एका गटात सगळ्यांचे खडे साधारण सारखे, त्यामुळे तिथे आकाराची मिसळ होत नाही. लहान खड्यांत ओपन सुमारे ६ टक्क्यांनी पुढे, मोठ्या खड्यांत सुमारे ४ टक्क्यांनी.

इथे जरा बघून घ्यायचं की दोन्ही गटांत फरक साधारण एकाच दिशेचा आणि एकाच मापाचा आहे का. असेल तर त्यांचा मिळून एक आकडा काढायला हरकत नाही. पण लहान खड्यांत ओपन पुढे आणि मोठ्यांत पीसीएनएल पुढे असं निघालं असतं तर ते कन्फाउंडिंग नाही, तो उपचाराचा परिणामच वेगवेगळ्या लोकांत वेगळा असणं आहे, आणि तसं असेल तर एकच आकडा काढून ते झाकायचं नाही, दोन्ही आकडे वेगळे द्यायचे. नवीन माणूस या दोन गोष्टींत हमखास गोंधळतो. कन्फाउंडिंग ही काढून टाकायची गोष्ट आहे, आणि हा दुसरा प्रकार सांगायची गोष्ट.

मिळून एक आकडा कसा काढायचा? सगळ्यात समजायला सोपी पद्धत स्टँडर्डायझेशन. दोन्ही उपचारांना एकसारखं पेशंटचं मिश्रण द्यायचं. आपल्याकडे एकूण ७०० पेशंट, त्यात ३५७ लहान आणि ३४३ मोठे. आता विचारा, या सगळ्याच ७०० जणांची ओपन सर्जरी केली असती तर? ३५७ चे ९३.१ टक्के म्हणजे साधारण ३३२ आणि ३४३ चे ७३ टक्के म्हणजे साधारण २५०, बेरीज ५८२-५८३ यशस्वी, म्हणजे ८३ टक्के. आणि सगळ्यांची पीसीएनएल केली असती तर? ३५७ चे ८६.७ टक्के म्हणजे ३०९, ३४३ चे ६८.८ टक्के म्हणजे २३६, बेरीज ५४५, म्हणजे ७८ टक्के.

गंमत बघा, क्रूडमध्ये ७८ विरुद्ध ८३ होतं, अ‍ॅडजस्ट केल्यावर ८३ विरुद्ध ७८ झालं, आकडे जणू जागा बदलून बसले. हा योगायोग आहे, पण लक्षात ठेवायला बरा.

गट दोनच असतात तोवर हे कागदावर होतं. पण वय, वजन, आधीचं ऑपरेशन, किडनीचा कोणता भाग असं सगळं धरायला गेलात की गट शेकड्याने होतात आणि कित्येक गटांत एकही पेशंट नसतो. तेव्हा रिग्रेशन वापरायचं. आपल्याच डेटावर R मध्ये असं:

```r
d <- data.frame(
  surgery = c("open", "open", "pcnl", "pcnl"),
  size    = c("small", "large", "small", "large"),
  ok      = c(81, 192, 234, 55),
  n       = c(87, 263, 270, 80)
)
d$surgery <- relevel(factor(d$surgery), ref = "pcnl")

m0 <- glm(cbind(ok, n - ok) ~ surgery, family = binomial, data = d)
m1 <- glm(cbind(ok, n - ok) ~ surgery + size, family = binomial, data = d)

exp(coef(m0))["surgeryopen"]
exp(coef(m1))["surgeryopen"]
exp(confint.default(m1))
```

`m0` मध्ये फक्त उपचार आहे, त्याचा ऑड्स रेशो, म्हणजे ओपनमधलं यश-अपयशाचं प्रमाण भागिले पीसीएनएलमधलं तेच प्रमाण, ०.७५ येतो, म्हणजे ओपन मागे. `m1` मध्ये आकार पण टाकला, तर १.४३ येतो, म्हणजे ओपन पुढे. एक व्हेरिएबल टाकलं आणि आकडा १ च्या या बाजूचा त्या बाजूला गेला. रिपोर्टमध्ये हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी द्या, नुसता अ‍ॅडजस्टेड देऊ नका, कारण किती हलला हे बघूनच वाचणाऱ्याला कळतं की मिसळ किती होती.

कोडच्या शेवटच्या ओळीने `surgeryopen` च्या पुढे १.४३ चा कॉन्फिडन्स इंटर्व्हल येतो, साधारण ०.९ ते २.२. त्यात १ बसतो. म्हणजे ओपन खरंच चांगली की हा नुसता योगायोग, हे या ७०० पेशंटवरून ठाम सांगता येत नाही. कन्फाउंडिंग काढणं आणि योगायोगाची शक्यता कमी करणं ही दोन वेगळी कामं आहेत, पहिलं केल्याने दुसरं आपोआप होत नाही. उलट दिशेनेही तेच खरं आहे, पेशंट सात लाख केले असते आणि डॉक्टर आपल्या मर्जीनेच उपचार ठरवत राहिले असते, तर क्रूड ७८ विरुद्ध ८३ तसंच राहिलं असतं, फक्त पी-व्हॅल्यू अगदी छान आली असती. मोठा डेटा म्हणजे कन्फाउंडिंग गेलं असं समजणारे लोक खूप भेटतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

प्रोपेन्सिटी स्कोअरबद्दल विचारलं जातं म्हणून एवढंच: या पेशंटला पीसीएनएल मिळण्याची शक्यता किती होती ते सगळ्या कन्फाउंडरवरून आधी काढायचं आणि मग सारख्या शक्यतेच्या लोकांची तुलना करायची. व्हेरिएबल खूप आणि आउटकम थोडे असतील तर सोयीचं पडतं. पण त्यातही तुम्ही जे मोजलंय तेवढंच जातं, त्याला जादू समजू नका.

## पायरी ६: काय राहून गेलं ते शोधा

अ‍ॅडजस्ट केलं म्हणजे कन्फाउंडिंग संपलं असं नसतं, आणि आपला डेटा याचंही चांगलं उदाहरण आहे.

आधी आकाराचंच बघा. आपण २ सेंटिमीटरवर एकच रेघ मारली. "मोठे" या गटात सव्वादोन सेंटिमीटरचा खडाही आहे आणि त्याच्या दुप्पट मोठाही असू शकतो. त्या गटातसुद्धा जास्त मोठे खडे ओपनकडे गेले असतील तर आत अजून मिसळ शिल्लक आहेच, आणि या डेटात तसं असेल तर ओपनचा खरा फायदा आपण काढला त्यापेक्षा जास्त असेल. याला रेसिड्युअल कन्फाउंडिंग म्हणतात. म्हणून वय, आकार, रक्तदाब अशा गोष्टी मिळाल्या तर आकड्यातच ठेवा, "लहान-मोठा" किंवा "४० च्या खाली-वर" असे दोन तुकडे करून फेकू नका. तपासायची सोपी युक्ती अशी, की दोनऐवजी चार गट पाडून बघा, अ‍ॅडजस्टेड आकडा अजून सरकला तर समजायचं की जाळी अजून बारीक पाहिजे.

मग जे मोजलंच नाही ते. सर्जन किती अनुभवी होता, खडा किडनीत कुठे अडकला होता, पेशंटची बाकी तब्येत कशी होती. यासाठी कमीत कमी एवढं करा की प्रत्येक न मोजलेल्या गोष्टीसाठी दिशा लिहा: ही गोष्ट कोणत्या ग्रुपमध्ये जास्त असणार, तिने यश वाढणार का घटणार, आणि म्हणून आपला आकडा कोणत्या बाजूला ओढला गेला असेल. "अनमेझर्ड कन्फाउंडिंग असू शकतं" असं नुसतं लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं.

आणि एक प्रकार असा असतो ज्याला अ‍ॅनालिसिसमध्ये औषधच नाही. या स्टडीत ओपन सर्जरीच्या केसेस आधीच्या काळातल्या होत्या आणि पीसीएनएलच्या नंतरच्या. मधल्या काळात तपासण्या, भूल, ऑपरेशननंतरची काळजी यातलं जे काही बदललं असेल ते सगळं उपचाराला चिकटून आलं. मग काळासाठी पण अ‍ॅडजस्ट करून टाकू का? करून बघा, टेबल मांडायला घेतलं की लगेच कळेल: जुन्या काळाच्या ओळीत पीसीएनएलचा रकाना रिकामा, नवीन काळाच्या ओळीत ओपनचा रकाना रिकामा. तुलना करायला समोर माणूसच नाही. सॉफ्टवेअर अशा वेळी कधी एरर देतं, कधी एखादं व्हेरिएबल गुपचूप वगळून टाकतं, आणि कधी प्रचंड रुंद इंटर्व्हल घेऊन आकडा देतं जो खरं म्हणजे हवेत काढलेला असतो. म्हणून कोणतंही रिग्रेशन चालवायच्या आधी प्रत्येक कन्फाउंडरसाठी उपचाराबरोबर एक साधं टेबल काढा आणि रिकामे रकाने शोधा. रिकामा रकाना सापडला तर दोनच मार्ग आहेत, एक तर जिथे दोन्ही उपचारांचे पेशंट आहेत तेवढ्याच लोकांपुरतं बोलायचं, नाहीतर त्याच काळातला तुलनेचा ग्रुप शोधून आणायचा. यातलं काहीच जमत नसेल तर दोन उपचारांतला फरक आणि दोन काळांतला फरक या डेटातून वेगळा करता येत नाही, हे रिझल्टच्या सेक्शनमध्येच लिहायचं, लिमिटेशनच्या शेवटच्या ओळीत नाही.